निबंधाला साडेतीन की साडेपाच? गुणांचा तक्ता बनवताना काय काय होतं



मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. माझी मावशी हिंजवडीजवळच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत नववी-दहावीला मराठी शिकवते. रविवारी तिच्याकडे जेवायला गेले, तर डायनिंग टेबलावर वह्यांचा गठ्ठा. विषय होता 'पावसात अडकलेली संध्याकाळ'. हिंजवडीतल्या मुलांना यावर लिहायला कल्पनाशक्ती लागत नाही. जून ते सप्टेंबर निम्म्या संध्याकाळी ती खरोखरच कुठल्या ना कुठल्या चौकात अडकलेली असतात.

मावशीने एक वही माझ्यासमोर सरकवली. "अगं, तू त्या मोजमापावर पीएचडी करतेस ना? मग सांग. मी याला 8 पैकी 3 दिले. आमच्या सरांना सहज दाखवली, तर ते म्हणाले साडेपाच. कोण बरोबर?"

मी एमएस्सी फिजिक्स करून शिक्षणातल्या मापनाकडे वळले, त्यामुळे असा प्रश्न आला की मला आधी व्हर्निअर कॅलिपर आठवतो. एकाच सळीची जाडी दोघांनी मोजली आणि एकाची तीन, दुसऱ्याची साडेपाच आली, तर आपण "कोण बरोबर" असं विचारत नाही. आपण यंत्र तपासतो. इथे गंमत अशी होती की यंत्रच नव्हतं. दोन अनुभवी माणसं होती आणि प्रत्येकाच्या डोक्यात आपापली वेगळी पट्टी होती.

आजची पोस्ट त्या पट्टीबद्दल आहे. इंग्रजीत तिला रुब्रिक म्हणतात, मी 'गुणांचा तक्ता' म्हणेन. उभ्या बाजूला निकष, आडव्या बाजूला पातळ्या, आणि प्रत्येक चौकटीत 'असं लिहिलं असेल तर इतके गुण' हे स्पष्ट वाक्यात. दिसायला सोपा आहे. बनवताना मात्र आम्ही दोन वेळा आपटलो, आणि शिकण्यासारखं तिथेच होतं.

हा घोळ किती जुना आहे?

1912 साली अमेरिकेत डॅनिअल स्टार्च आणि एडवर्ड इलियट या दोघांनी इंग्रजीच्या दोन उत्तरपत्रिकांच्या प्रती काढून बऱ्याच शाळांना पाठवल्या. 142 शिक्षकांचे गुण परत आले. कागद तोच, तरी 100 पैकी कुणी पन्नासच्या आसपास दिले होते, तर कुणी नव्वदच्या वर. टीका झाली की इंग्रजी हा मुळात मोघम विषय आहे. म्हणून पुढच्या वर्षी त्यांनी भूमितीची उत्तरपत्रिका पाठवली, तर फरक कमी व्हायच्या ऐवजी वाढला.

दुसरा प्रयोग 1961 चा, पॉल डीडरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, आणि तो माझा जास्त आवडता आहे. त्यांनी कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या मुलांचे 300 निबंध 53 जणांना वाचायला दिले. त्यात शिक्षक होते, लेखक-संपादक होते, वकील होते, धंदा-व्यवसायातले लोकही होते. निकष मुद्दामच सांगितले नाहीत. फक्त गुणवत्तेप्रमाणे नऊ गठ्ठ्यांत विभागा, एवढंच सांगितलं. निकाल असा की 94 टक्के निबंध नऊपैकी सात, आठ किंवा सगळ्याच्या सगळ्या नऊ गठ्ठ्यांत कुणा ना कुणाकडून जाऊन पडले होते.

"लोक असहमत असतात" एवढ्यावर डीडरिक थांबले नाहीत. कोण कोणाशी सहमत आहे ते त्यांनी तपासलं. वाचणाऱ्यांचे पाच गट पडले. काही जण मुख्यतः विचार बघत होते, काही व्याकरण आणि शुद्धलेखन, काही मांडणी, काही शब्दयोजना, आणि काही जण लिहिणाऱ्याची स्वतःची अशी शैली. म्हणजे ही माणसं मनाला येईल तसे गुण देत नव्हती. प्रत्येक जण बऱ्यापैकी सातत्याने, पण वेगळीच गोष्ट मोजत होता. एकाने सळीची लांबी मोजली, दुसऱ्याने वजन, आणि दोघांनी उत्तर एकाच रकान्यात लिहिलं.

मावशीचे 3 आणि सरांचे साडेपाच यांचा उलगडा इथेच झाला. मी वही उघडली. त्यात अशी वाक्यं होती (मुलाची ओळख लागू नये म्हणून थोडी बदलली आहेत):

"पाणी टायरच्या वर आला. कंडक्टर काकांनी दार उघडला नाही. एक कुत्र्याचा पिल्लू सीटखाली बसला. सगळे त्याला बिस्किट दिले. माझा घर लांब होता पण त्या दिवशी मला घरी जायची घाई नव्हती."

मावशीला पहिल्याच ओळीत 'पाणी आला' टोचलं आणि तिथून पुढे वही लाल होत गेली. सरांना पिल्लू दिसलं, आणि शेवटचं वाक्य.

पहिला तक्ता आणि तो का फसला

जेवण झाल्यावर आम्ही कागद घेऊन बसलो. पहिला तक्ता पंधरा मिनिटांत तयार झाला, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. निकष चार: आशय, मांडणी, भाषा, लेखननियम. पातळ्या तीन: उत्कृष्ट, चांगले, साधारण. आणि चौकटींत वाक्यं अशी: "आशय अत्यंत प्रभावी आहे", "आशय प्रभावी आहे", "आशय फारसा प्रभावी नाही".

इंटरनेटवर मिळणारे बरेचसे तक्ते असेच असतात. यात गुणांऐवजी विशेषणं लिहिलीत, एवढाच फरक पडतो. 'अत्यंत प्रभावी' आणि 'प्रभावी' यांच्यातली रेष कुठे हे पुन्हा वाचणाऱ्याच्या डोक्यातच राहतं. तपासायची साधी युक्ती सांगते. चौकटीतलं वाक्य वाचा आणि विचारा, की वहीत कुठे बोट ठेवून मी हे दाखवू शकेन का? 'प्रभावी' वर बोट ठेवता येत नाही. 'याच प्रसंगाचे तीन तपशील' वर ठेवता येतं: टायरच्या वर पाणी, न उघडलेलं दार, सीटखालचं पिल्लू.

दुसरी अडचण पातळ्यांच्या संख्येची. मावशीचं म्हणणं होतं की पाच पातळ्या ठेवू, म्हणजे बारीक फरक पकडता येईल. व्हर्निअरच्या भाषेत हा लीस्ट काउंटचा प्रश्न आहे. पट्टीवर रेघा वाढवल्या म्हणून डोळा तीक्ष्ण होत नाही. दीडशे शब्दांच्या निबंधात मांडणीच्या पाच वेगवेगळ्या पायऱ्या वाक्यात लिहून बघा. चौथीपाशी पुन्हा 'बऱ्यापैकी', 'काहीसं' सुरू होतं. जितक्या पातळ्यांचं वेगळं वर्णन करता येतं, तितक्याच ठेवायच्या. आम्हाला तीनच करता आल्या.

तिसरा मुद्दा वजनाचा, म्हणजे कुठल्या निकषाला किती गुण. दहावीच्या पेपरात लेखनकौशल्याचा प्रश्न 8 गुणांचा असतो, म्हणून शाळेतही 8. पहिल्या तक्त्यात आम्ही चार निकषांना सरळ दोन-दोन गुण वाटले होते. समान वाटणी निःपक्षपाती वाटते, पण तोही एक निर्णयच असतो. त्यात ऱ्हस्व-दीर्घाला निबंधाच्या विचाराइतकंच वजन गेलं होतं. मावशीला विचारलं, तुला हे मान्य आहे का? ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "नाही. पण मी गुण देताना तसंच करत आलेय बहुतेक." मग आशयाला 3, मांडणीला 2, भाषेला 2 आणि लेखननियमांना 1 असं ठरलं. हे वजन कुठल्याही संशोधनातून निघत नाही. आपल्याला काय महत्त्वाचं वाटतं हे शिक्षकांनी ठरवायचं असतं. तक्ता फक्त तो निर्णय उघड्यावर आणतो.

दहा वह्या, दोन जण, चाळीस चौकटी

सुधारलेला तक्ता घेऊन मावशीने आणि सरांनी त्याच गठ्ठ्यातल्या दहा वह्या वेगवेगळ्या तपासल्या. एकमेकांचे गुण बघायचे नाहीत, वहीत पेन चालवायचं नाही, गुण वेगळ्या कागदावर. दहा वह्या गुणिले चार निकष, म्हणजे चाळीस निर्णय. त्यातले 27 जुळले, 13 जुळले नाहीत.

27 ऐकायला बरे वाटतात, पण इथे एक सावधगिरी हवी. पातळ्या तीनच असतील, तर दोघांनी डोळे मिटून चौकटी भरल्या तरी साधारण एकतृतीयांश योगायोगाने जुळतील, म्हणजे चाळीसपैकी 13 च्या आसपास. हे 13 फुकटचे. उरलेल्या 27 पैकी आपण खरोखर किती कमावले? 27 वजा 13, म्हणजे 14. सत्तावीसपैकी 14, जेमतेम निम्मे. हाच विचार जेकब कोहेन यांनी 1960 मध्ये एका सूत्रात बसवला, त्याला कप्पा म्हणतात. खऱ्या सूत्रात कोण कुठली पातळी किती वेळा वापरतो तेही धरतात, पण शाळेतल्या कामापुरता वरचा हिशेब पुरतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. किती जुळले नाहीत यापेक्षा कुठे जुळले नाहीत ते बघायचं. 13 पैकी 7 मतभेद एकट्या 'भाषा' या निकषात होते, 4 मांडणीत, उरलेले 2 इकडेतिकडे. सगळ्या निकषांत थोडेथोडे मतभेद असते, तर माणसं घाईत आहेत किंवा थकली आहेत असं म्हणता आलं असतं. एकाच रकान्यात गर्दी झाली, म्हणजे त्या रकान्यातलं वाक्य दोघं वेगळं वाचत होते.

तिथे आम्ही लिहिलं होतं: "लिंग, वचन, काळ यांच्या दोनपर्यंत चुका: 2 गुण. तीन ते सहा: 1 गुण. सात किंवा जास्त: 0." बोट ठेवता येतं, मोजता येतं, मग घोळ कुठे?

पिल्लूवाल्या वहीत मावशीने सात चुका मोजल्या आणि भाषेला 0 दिला. सरांनी तीन मोजल्या आणि 1 दिला. सर हिंदीचेही तास घेतात. त्यांनी चुका ओळीने मांडून दाखवल्या. पाणी आला, दार उघडला, पिल्लू बसला, घर होता, आणि आणखी एक तशीच. ही पाचही मराठीतली नपुंसकलिंगी नामं आहेत, आणि हिंदीत नपुंसकलिंगच नाही. घरी हिंदी बोलणाऱ्या मुलासाठी प्रत्येक नाम पुल्लिंगी किंवा स्त्रीलिंगीच असतं, त्यामुळे 'ते' वाली नामं तो उचलून 'तो' मध्ये टाकतो. ही पाच वेळा घसरलेली एकच चूक आहे. "ही एक गोष्ट त्याला शिकवायची राहिली आहे," सर म्हणाले, "पाच नाहीत."

हिंजवडीत हा प्रश्न पुस्तकी नाही. आयटी पार्कच्या इमारती ज्यांनी बांधल्या आणि अजून बांधतायत, त्यांची बरीच मुलं इथल्या मराठी शाळांत येतात. कुणाच्या घरी हिंदी असते, कुणाच्या भोजपुरी, कुणाच्या कन्नड. मोजायची पद्धत अशी असली की एक न शिकवलेला नियम पाच वेळा दंड वसूल करेल, तर तो तक्ता निबंध मोजत नाही, घरची भाषा मोजतो. आणि वरून अचूक आकड्यांचा मुलामा असतो, त्यामुळे कुणी शंकाही घेत नाही.

तेच माण, मारुंजीच्या मुलांचं. घरी 'पानी', 'आनि' बोलणारी मुलं तसंच लिहितात. न-ण ची एकच अडचण निबंधभर दहा शब्दांत दिसते.

म्हणून नियम बदलला. चुका नाही, चुकांचे प्रकार मोजायचे. एका प्रकारची चूक कितीदाही आली तरी एक. आणि तक्त्याच्या शेजारी त्या प्रकाराचं नाव लिहायचं, म्हणजे मुलाला नेमकं काय शिकायचं ते कळतं.

मांडणीतले चार मतभेद लवकर मिटले. आम्ही 'परिच्छेद योग्य' असं लिहिलं होतं. मावशी परिच्छेद पाडलेत का ते बघत होती, सर घटनांचा क्रम बघत होते. एका वाक्यात दोन गोष्टी लपल्या होत्या. आम्ही क्रम ठेवला आणि परिच्छेदांची अट वेगळी, स्पष्ट लिहिली.

शेवटी उभा राहिलेला तक्ता

नववी, प्रसंगलेखन, साधारण दीडशे शब्द, एकूण 8 गुण:

| निकष | जमलं | जमत आलंय | अजून जमायचंय |
|---|---|---|---|
| आशय | 3: एकच ठरावीक प्रसंग. पाहिलेलं, ऐकलेलं, केलेलं असे किमान तीन तपशील जे याच प्रसंगाचे आहेत. स्वतःला काय वाटलं किंवा काय बदललं ते सांगितलंय. | 2: प्रसंग ठरावीक आहे, पण असे तपशील एक-दोनच. बाकीचं कुठल्याही पावसाला लागू पडेल असं. | 1: सगळं सर्वसाधारण. विशिष्ट दिवस, जागा, माणसं नाहीत. |
| मांडणी | 2: सुरुवात, घटना, शेवट ओळखू येतात. मागे जाऊन वाचावं लागत नाही. किमान दोन परिच्छेद. | 1: क्रम समजतो, पण एखाददुसऱ्या ठिकाणी मागे जावं लागतं, किंवा शेवट तुटलेला, किंवा परिच्छेदच नाहीत. | 0: वाक्यं सुटी. क्रम बदलला तरी फरक पडणार नाही. |
| भाषा | 2: अर्थ पहिल्या वाचनात कळतो. लिंग, वचन, काळ, विभक्ती यांच्या चुकांचे प्रकार दोनपर्यंत. | 1: अर्थ कळतो. चुकांचे प्रकार तीन ते पाच. | 0: चुकांचे प्रकार सहा किंवा जास्त, किंवा बऱ्याच वाक्यांचा अर्थच लागत नाही. |
| लेखननियम | 1: ऱ्हस्व-दीर्घ, जोडाक्षरं, न-ण, विरामचिन्हं यांच्या चुकांचे प्रकार दोनपर्यंत. | ½: तीन ते चार प्रकार. | 0: पाच किंवा जास्त प्रकार. |

तक्त्याखाली दोन ओळी: विषय पूर्ण सोडला असेल तर आशयाला 0. आणि एक चूक एकाच रकान्यात धरायची. 'पाणी आला' भाषेत गेलं की लेखननियमात पुन्हा नाही.

ही दुसरी ओळ छोटी दिसते, पण तीच सगळ्यात जास्त विसरली जाते. निकष एकमेकांवर चढले, की एकच दोष दोन-तीन ठिकाणी कापला जातो.

आता पिल्लूवाली वही. आशय 3, कारण तपशील मोजून दाखवता येतात आणि शेवटचं वाक्य आहेच. मांडणी 1, कारण परिच्छेद नव्हते. भाषा 1: नपुंसकलिंग, 'सगळ्यांनी' ऐवजी 'सगळे दिले', आणि आणखी एक, असे तीन प्रकार. लेखननियम ½. एकूण साडेपाच.

शेजारी दुसरी वही ठेवली, जिला मावशीने आधी 7 दिले होते. अक्षर मोत्यासारखं. "पाऊस म्हणजे निसर्गाचे वरदान" अशी सुरुवात, मग हिरवा शालू, मोर, इंद्रधनुष्य. संध्याकाळ कुठली, कोण अडकलं, काहीच नाही. आशय 1, मांडणी 2, भाषा 2, लेखननियम 1. एकूण 6.

आधीचं अंतर चार गुणांचं होतं, आता अर्ध्या गुणाचं राहिलं. "म्हणजे अजूनही पाठ केलेलाच निबंध पुढे?" मावशीने विचारलं. हो. कारण तक्त्यात भाषा आणि लेखननियम मिळून 3 गुण आहेत, आशयाइतकेच. तिला ते खटकत असेल तर आशयाचं वजन वाढवायचा अधिकार तिचाच. मात्र ते पुढच्या निबंधाच्या आधी, मुलांना सांगून करायचं. निकाल बघून पट्टी बदलायची नाही. प्रयोगशाळेतही आपण ते करत नाही (निदान करू नये).

नव्या तक्त्यावर दोघांनी नव्या दहा वह्या तपासल्या. त्याच वह्या पुन्हा घेतल्या असत्या तर आधीची चर्चा आठवून गुण जुळले असते. या वेळी चाळीसपैकी 34 जुळले. फुकटचे 13 वजा करता 27 पैकी 21. आधीच्या चौदापेक्षा बरंच बरं. दहा वह्या आणि दोन माणसं म्हणजे काही शोधनिबंध नव्हे, पण एका शाळेतल्या एका वर्गासाठी हा पुरेसा दाखला आहे.

तक्ता असूनही कुठे पाय घसरतो

एक, पहिल्या ठशाचा परिणाम. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 1920 मध्ये दाखवलं की माणसाबद्दल एक मत झालं की त्याचे सगळे गुण त्याच रंगात दिसू लागतात. निबंधात हे अक्षरावरून होतं. ओळखायचं कसं? भरलेला तक्ता लांबून बघा. जवळजवळ प्रत्येक मुलाच्या चारही चौकटी एकाच पातळीवर असतील, तर तुम्ही चार निकष नाही, एकच ठसा चारदा लिहिलाय. उपाय असा, की एक वही चारही निकषांवर तपासण्याऐवजी आधी सगळ्या वह्यांचा फक्त आशय, मग सगळ्यांची मांडणी. मावशीला वाटलं वेळ दुप्पट लागेल. पहिल्या गठ्ठ्याला खरंच जास्त लागला. नंतर एकच वाक्य डोक्यात ठेवून वाचायचं असल्याने हात बसला. तरी पन्नासच्या वर वह्या असलेल्या वर्गात दर निबंधाला हे जमणार नाही. सत्रातून एकदा करा, बाकीच्या वेळी दोनच निकष घ्या.

दोन, गठ्ठ्यातला क्रम. उत्तम निबंधानंतर आलेला बरा निबंध वाईट वाटतो. म्हणून दुसऱ्या निकषाच्या वेळी गठ्ठा उलटा करून सुरुवात करायची.

तीन, नमुने नसणं. 2007 मध्ये अँडर्स जॉन्सन आणि गुनिला स्विंगबी यांनी तक्त्यांवरच्या 75 अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. त्यातून दिसलं की निकष वेगवेगळे तपासणारा, त्या विशिष्ट कामासाठी लिहिलेला तक्ता असेल, आणि जोडीला नमुने व तपासणाऱ्यांचा सराव असेल, तर गुण जास्त भरवशाचे होतात. नुसता तक्ता छापून वाटला की काम झालं, असं त्यातून निघत नाही. मावशीने प्रत्येक पातळीचा एकेक नमुना, नाव काढून, तक्त्याला जोडून ठेवलाय. 'जमत आलंय' म्हणजे काय हे त्या एका पानावरून जितकं कळतं तितकं माझ्या वाक्यांवरून कळत नाही.

आणि तक्त्याला काय दिसत नाही

फिजिक्समध्ये आपण दोन गोष्टी वेगळ्या ठेवतो. वाचनं एकमेकांच्या जवळ येणं एक, आणि खऱ्या किमतीच्या जवळ येणं दुसरं. शून्य त्रुटी असलेल्या व्हर्निअरवर दोघांचं वाचन तंतोतंत जुळेल, आणि दोघांचंही चुकलेलं असेल. 34 जुळले याचा अर्थ मावशी आणि सर एकच गोष्ट मोजतायत. ती गोष्ट म्हणजे 'चांगलं लिखाण' आहे का, हे आकडा सांगत नाही.

डीडरिक यांच्या पाच गटांपैकी पाचवा आठवा, शैली बघणारा. तो आमच्या तक्त्यात नाही. 'त्या दिवशी मला घरी जायची घाई नव्हती' या वाक्याला तक्ता फक्त 'स्वतःला काय वाटलं ते सांगितलंय' म्हणतो आणि पुढे जातो. आम्ही त्यासाठी चौकट करून पाहिली, पण बोट ठेवता येईल असं वाक्य काही सुचलं नाही. शिवाय मुलं हुशार असतात. 'तीन तपशील' जाहीर केले की पुढच्या निबंधात मोजून तीन तपशील येतात, रंग, वेळ आणि बसचा नंबर, आणि प्रसंग मात्र गायब. हे घडलंय, आणि पुढेही घडेल. त्यामुळे ते वाक्य दर वर्षी पुन्हा बघावं लागणार.

शेवटी मावशीने तक्त्याच्या खाली एक रिकामी ओळ सोडली, गुण नसलेली. तिथे ती वाचताना जे लक्षात राहिलं ते एका वाक्यात लिहिते. त्या मुलाच्या वहीत तिने आधीच्या लाल खुणांच्या खाली साडेपाच लिहिले, शेजारी 'नपुंसकलिंग: ते पाणी, ते दार, ते घर, ते पिल्लू' अशी यादी, आणि रिकाम्या ओळीत एक प्रश्न: "पिल्लाचं पुढे काय झालं?"

दुसऱ्या दिवशी वहीत उत्तर आलं. "ते पिल्लू कंडक्टर काका घेऊन गेले."

'ते' बरोबर होतं.